हाफ फोटोला नवीन कपडे घालताना खाली पँट नाहीतर स्कर्ट येतोय, काय करू?

डार्करूम_८८
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासून चालत आलेला. आमच्याकडे एक काम वर्षभर येतं, घरातलं कोणी गेलं की लोक जुना फोटो घेऊन येतात आणि भिंतीवर लावायला मोठा करून द्या म्हणतात, आणि निम्म्या वेळा त्या फोटोत आजोबा बनियनवर असतात नाहीतर कुठल्यातरी लग्नाच्या गर्दीतून कापून काढलेले असतात, मग "जरा चांगला कुर्ता घाला त्यांना" अशी विनंती असते. आधी आम्ही फोटोशॉपमध्ये दुसऱ्याचं धड जोडायचो. मान आणि खांदा जुळवण्यात अख्खी दुपार जायची आणि तरी चेहरा वेगळा आणि अंग वेगळं दिसायचं.

आता दोन-तीन महिने IDM-VTON शिकतोय, म्हणजे फोटोतल्या माणसाला दुसरा कपडा घालून देणारं AI मॉडेल, घरच्या फोटोंवर. चेहरा बिलकुल बिघडत नाही, कापडाच्या चुण्या पण छान येतात. पण एका ठिकाणी अडकलोय.

पहिला फोटो माझ्याच आजोबांचा. १२०० बाय १५००, कमरेच्या थोडं खाली फ्रेम संपते. कुर्त्याचा फोटो मी सपाट जमिनीवर ठेवून काढलेला, गळ्यापासून खालच्या घेरापर्यंत पूर्ण. रिझल्टमध्ये कुर्ता आखूड होऊन शर्टासारखा कमरेवर संपतो आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीत काळी पँट येते, एकदा तर बेल्ट पण आला. आजोबांनी जन्मात पँट घातली नाही हो. दहा वेळा सीड बदलून बघितलं, नऊ वेळा पँट.

दुसरा फोटो मावशीचा, तिच्या अंगात लांब फुलाफुलांची कुर्ती आहे. तिला साधा मरून कुर्ता घालायचा होता. वर मरून बरोबर आला पण खाली फुलाफुलांचा स्कर्ट तयार झाला. मूळ फोटोत स्कर्ट नाहीच. फ्रेमच्या बाहेरचं त्याला कोणी विचारलंय? हे थांबवायचं कसं?

निखळ
सोप्पंय. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये trousers, pants, skirt, belt, legs टाक. मी दुसऱ्या मॉडेलवर असंच करतो, येत नाहीत.

बंड्या७
दादा, कॅटेगरीत lower_body निवडलं की पँट बदलता येते. मी माझ्या जीन्सची चिनोज केली होती, मस्त झालं होतं. आजोबांना धोतर घालायचं असेल तर धोतराचा फोटो द्या.

डार्करूम_८८
बंड्याभाऊ, पँट बदलायची नाहीये, मूळ फोटोत पँट दिसतच नाही. फोटो कमरेलाच संपतोय. तो स्वतःहून जागा करून पँट भरतोय.

निखळ, माझ्या स्क्रीनवर निगेटिव्हची जागाच नाही. फक्त कपड्याचं वर्णन लिहायची एक ओळ आहे. तिथे white kurta pajama लिहिलं होतं, मग "no pants" पण जोडून बघितलं. काही फरक नाही, उलट जास्तच पँट.

पिक्सेलपंत
तुमच्या दोन फोटोंना दोन वेगवेगळे आजार झालेत, औषध एकच देऊन चालणार नाही. आधी ओळखायचं कसं ते सांगतो. खाली जे नको असलेलं आलंय त्याचा रंग बघा. मूळ फोटोत नसलेला रंग असेल, तुमच्या काळ्या पँटसारखा, तर ते मॉडेलने नव्याने बनवलंय. मूळ कपड्याचाच रंग आणि डिझाइन असेल, मावशींच्या फुलांसारखं, तर मॉडेलने काहीच बनवलेलं नाही, तो जुना कपडा तसाच राहून गेलाय. तो मास्कमध्ये, म्हणजे बदलायचा म्हणून रंगवलेल्या भागात, आलाच नव्हता.

मावशींचं आधी, कारण ते पटकन होणारं आहे. ऑटो मास्क लावलात की आधी एक पार्सर फोटोतला प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे ते ठरवतो, त्याच्या यादीत वरचे कपडे, स्कर्ट, पँट, ड्रेस, बेल्ट, केस, हात असे वेगवेगळे नंबर आहेत. त्या यादीत कुर्ती नाही. मग कंबरेच्या वरचा भाग त्याला upper_clothes वाटतो आणि खालचा घेर skirt वाटतो. upper_body निवडलं असेल तर skirt आणि pants हे दोन्ही भाग तो मुद्दाम राखून ठेवतो, त्याला वाटतं याने फक्त वरचा कपडा बदलायला सांगितलाय, खालच्याला हात लावू नये. म्हणून फुलं राहिली. ऑटो मास्क बंद करून हाताने ब्रशने पूर्ण कुर्ती रंगवा, प्रश्न संपला.

आजोबांचं जरा खोल आहे. ही बहुतेक मॉडेल VITON-HD नावाच्या फोटोंच्या संचावर शिकलेली असतात, त्यात साडेअकरा हजारांच्या वर शिकवायच्या जोड्या आहेत, एक बाईचा समोरून फोटो आणि एक टॉपचा फोटो. सगळे टॉप, युरोपियन दुकानात असतात तसले. आणि ते फोटो साधारण मांडीपर्यंत आहेत, म्हणजे टॉप संपून खाली जीन्स किंवा स्कर्टचा वरचा भाग दिसतोच. मॉडेलने हजारो वेळा हेच पाहिलंय की कपड्याच्या फोटोत खालची कड दिसत असेल तर माणसाच्या अंगावर पण ती कड फ्रेमच्या आतच दिसते आणि तिच्याखाली पँट असते. तुम्ही त्याला कुर्त्याचा घेर दाखवला. त्याने घेर फ्रेममध्ये बसवला. आता घेराखाली उरलेल्या जागेत काहीतरी भरायलाच हवं ना, मग पँट.

म्हणजे पँट हा परिणाम आहे, मूळ चूक घेर दाखवण्यात आहे. पँट नको म्हणून कितीही ओरडलात तरी घेर दिसतोय तोवर खाली काहीतरी येणारच. पँट नाही आली तर उघडे पाय नाहीतर काळं झाकोळ येईल.

निखळ, निगेटिव्ह प्रॉम्प्टचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. या डेमोत निगेटिव्हची ओळ app.py मध्ये आत लिहिलेली आहे, बदलता येते, पण तिथे guidance_scale फक्त 2.0 आहे, म्हणून निगेटिव्हला जोर नसतो. आणि "no pants" हे वर्णनाच्या ओळीत लिहिणं तर उलटंच पडतं. तिथे लिहिलेलं वाक्य "model is wearing" च्या पुढे जोडलं जातं, त्यातला no त्याला नीट कळत नाही आणि pants मात्र बरोबर कळतं. तसंच pajama. तुम्ही स्वतःच मागितलात तो पायजमा, त्याने त्याच्या ओळखीचा दिला.

निखळ
ओके, guidance चं माहीत नव्हतं. मी वापरतो तिथे ७ असतं म्हणून फरक दिसत असेल.

डार्करूम_८८
पंत, डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. म्हणजे कुर्त्याचा फोटो कापून द्यायचा? पण किती कापायचा? मी आत्ता अंदाजाने अर्धा कापून बघितला तर बटणपट्टी छातीच्या खालपर्यंत ओढली गेली आणि खिसा पोटावर आला. फोटो विचित्र दिसतोय.

काजबटण
मी शिवणकाम करते, कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण हे कळतं. फोटोतल्या माणसाचं माप घ्या. पुरुषाचा शोल्डर म्हणजे एका खांद्याच्या शिलाईपासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, मध्यम अंगाला अठरा इंच धरा. कुर्त्याची लांबी चाळीसच्या आसपास, शर्टाची तीस. आता फोटोत खांदा किती पट्टी भरतोय आणि खांद्यापासून खाली फोटो संपेपर्यंत किती, हे मोजलं की किती इंच कापड दिसायला हवं ते निघेल. आमच्याकडे कोणी जुना फोटो आणून "असाच ब्लाउज शिवा" म्हटलं तर आम्ही असंच काढतो. आजोबांचे खांदे म्हातारपणी उतरले असतील तर सतरा धरा.

पिक्सेलपंत
काजबटण ताई, याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. डार्करूम, तुमच्या फोटोत मोजा. शोल्डर किती पिक्सेल आणि खांद्याच्या टोकापासून फ्रेमच्या तळापर्यंत किती?

डार्करूम_८८
मोजलं. शोल्डर ६७५ पिक्सेल. खांद्याचं टोक वरून ६०० वर आहे, फोटो १५०० ला संपतो, म्हणजे खाली ९००.
कुर्त्याच्या फोटोत शोल्डर ३६० आहे, खांद्याचं टोक वरून ४० वर, पूर्ण कुर्ता ८०० च्या आसपास लांब.

पिक्सेलपंत
मग हिशोब असा. ६७५ पिक्सेल म्हणजे १८ इंच, तर एक इंच साडेसदतीस पिक्सेल. खालचे ९०० म्हणजे २४ इंच. तुमच्या फ्रेममध्ये खांद्यापासून फक्त २४ इंच कापड दिसायला हवं. चाळीस इंची कुर्त्याचा घेर सोडाच, तीस इंची शर्टाची कड सुद्धा या फोटोत दिसता कामा नये. आता कुठलाही रिझल्ट आला की हे एकच तपासा, आडवी कड दिसली की तो बाद.

कुर्त्याच्या फोटोत ३६० म्हणजे १८ इंच, एक इंच २० पिक्सेल. २४ इंच म्हणजे ४८०. खांद्याचं टोक ४० वर आहे म्हणून वरून ५२० पिक्सेलवर कापायचं. तुम्ही अर्धा म्हणजे ४०० वर कापला होता, सहा इंच कमी, म्हणून त्याने उरलेलं ताणून भरलं आणि खिसा खाली गेला.

अजून एक गोष्ट आहे आणि इथे बहुतेक जण फसतात. कापलेला कुर्ता पांढऱ्या कागदाच्या मधोमध ठेवायचा नाही. खाली पांढरी पट्टी राहिली तर मॉडेलच्या दृष्टीने तीच कुर्त्याची कड, आणि पुन्हा आखूड शर्ट आणि पँट. कापलेली कड कॅनव्हासच्या तळाला चिकटली पाहिजे, रिकामी जागा सगळी वर आणि बाजूला. कॅनव्हास ३:४ चा स्वतःच बनवा, कारण IDM-VTON कपड्याचा फोटो सरळ ७६८ बाय १०२४ मध्ये ताणतो, आणि CatVTON या तसल्याच दुसऱ्या मॉडेलमध्ये तर तो स्वतः पॅडिंग घालून कपडा मधोमध ठेवतो, म्हणजे कमी उंचीचा फोटो दिलात तर खाली पांढरं येणारच.

```python
from PIL import Image
g = Image.open("kurta.png").convert("RGB")
g = g.crop((0, 0, g.width, 40 + 480))
c = Image.new("RGB", (540, 720), "white")
c.paste(g, ((540 - g.width)//2, 720 - g.height))
c.save("kurta_34.png")
```

बाह्या धरून कुर्त्याची रुंदी ५४० च्या आत असेल असं धरलंय, जास्त असेल तर कॅनव्हास त्याच प्रमाणात मोठा घ्या, ६०० बाय ८०० वगैरे. वर्णनात फक्त white cotton kurta, band collar एवढंच लिहा. pajama, set, suit, outfit हे शब्द नकोत, ते सगळे खालचा कपडा सोबत घेऊन येतात.

सायली_टोरांटो
फार उपयोगी धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, खुर्चीत बसलेली, छातीच्या खालपर्यंत, पातळ एकदम फाटकं आहे कारण कुणीतरी शेतात अचानक काढलेला. तिला हिरवी नऊवारी घालायची आहे, घरी तिचीच एक साडी जपून ठेवलीय, तिचा घडी घातलेला फोटो दिला तर मॉडेलने हिरवा टॉप आणि खाली घागरा केला. फ्रेम पोटापाशी संपते तरी घागऱ्याचा नाडीचा भाग दिसतोय. पदर तर गायबच.

पिक्सेलपंत
सायली, घडी घातलेल्या साडीवरून नेसलेली साडी त्याला काढता येणार नाही, त्याला कापड दिसतं, नेसण कळत नाही. तीच साडी कोणालातरी नेसवून, आजीच्या फोटोतल्यासारखंच बसवून, पोटापर्यंतचाच फोटो काढा. निऱ्या आणि कमरेचा भाग फोटोत येऊच द्यायचा नाही, कारण तो दिसला की हा घागरा करतो. मास्क हाताने, दोन्ही खांद्यांवरून डोक्यापर्यंत जिथे पदर यायला हवा तो सगळा भाग धरून. पदराची कड तरी वितळल्यासारखी येईल, ती शेवटी हाताने दुरुस्त करावी लागेल. यावर मला अजून खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

निखळ
मी एक वेगळं सुचवतो. त्याला पँट काढायचीच आहे ना, काढू दे. फोटोच्या खाली कॅनव्हास वाढवायचा, पूर्ण उभा माणूस होईल एवढा, पूर्ण कुर्ता घालायचा, घेर पायजमा सगळं येऊ दे, मग खालचं कापून मूळ फ्रेम ठेवायची. कपड्याचं माप मोजायची कटकटच नाही आणि कुर्त्याचं पडणं जास्त नैसर्गिक येतं, कारण त्याला पूर्ण कुर्ता दिसतोय.

पिक्सेलपंत
चालतं, मी पण केलंय. पण किंमत बघा. आउटपुट १०२४ उंच. आत्ता आजोबांचा हाफ फोटो त्या पूर्ण १०२४ मध्ये आहे. खाली तेवढंच अजून वाढवलं तर हाफ फोटोला ५१२ च मिळाले, म्हणजे बटण, कॉलरची शिलाई, खादीचा पोत सगळं निम्म्या बारकाईत. चेहरा मूळचा परत चिकटवता येईल पण कुर्ता मऊ मऊ दिसणार, आणि हे फोटो १२ बाय १५ इंच छापायचे असतात.

निखळ
अपस्केल करता येतो की. मला तरी पडणं महत्त्वाचं वाटतं. कापलेल्या कुर्त्याने पोटापाशी कापड कधीकधी पुठ्ठ्यासारखं सरळ येतं, ते तू पण मान्य करशील.

पिक्सेलपंत
येतं, हे खरं आहे. विशेषतः बसलेल्या माणसाला. उभ्या फोटोला मला कापलेला कपडाच बरा वाटतो, बसलेल्याला तुझी पद्धत एकदा करून बघायला हरकत नाही.

डार्करूम_८८
मंडळी, केलं. ५२० वर कापला, तळाला चिकटवला, वर्णन बदललं. दहा सीडपैकी आठ एकदम बरोबर. कुर्ता सरळ फ्रेमच्या बाहेर जातोय, खिसा छातीवर डाव्या बाजूला जागेवर. आईला दाखवला, ती बराच वेळ बघत राहिली.

पण उरलेल्या दोनमध्ये आणि नीट बघितलं तर बाकीच्यांत पण, अगदी तळाला एक बारीक गडद रेघ येते. पाच-सहा पिक्सेलची. दोनमध्ये त्या रेघेचा बेल्ट झालाय. मावशीचा हाताने मास्क केला तर तिथे पण तळाला फुलांची बारीक पट्टी आहे.

पिक्सेलपंत
तुमचा ब्रश तळापर्यंत पोचलेला नाही. मास्क काळा-पांढरा उघडून १०० टक्क्यांच्या वर झूम करा, शेवटच्या चार-पाच ओळी काळ्या राहिल्या असतील. स्क्रीनवर ब्रशचं टोक गोल असतं, कोपऱ्यात आणि काठाला जागा सुटतेच. मॉडेलच्या आत ८ बाय ८ पिक्सेलचा एक कण होतो, त्यामुळे पाच ओळी सुटल्या तरी तळाच्या पूर्ण रांगेत जुन्या कपड्याचा रंग मिसळतो, आणि कुर्त्याखाली दुसऱ्या रंगाची आडवी पट्टी दिसली की मॉडेल म्हणणार इथे कपडा संपला, खाली दुसरा सुरू. एवढ्याशा पट्टीवरून तो बेल्ट बनवतो.

मास्क फोटोशॉपमध्ये चौकोनी सिलेक्शनने भरा, धडाच्या रुंदीत, तळाच्या शेवटच्या ओळीपर्यंत. हात मांडीवर असतील तर त्यांना वगळून. आणि शेवटी रिझल्टमधला फक्त मास्कचा भाग मूळ फोटोवर चिकटवा, बाकी चेहरा आणि भिंत मूळचीच राहू द्या.

आणि auto-crop ची खूण लावलेली आहे का? तुमचा फोटो ४:५ आहे. खूण असेल तर तो मधून ११२५ बाय १५०० कापतो, दोन्ही बाजूंनी साडेसदतीस पिक्सेल जातात, काही बिघडत नाही. खूण नसेल तर पूर्ण फोटो ३:४ मध्ये दाबतो आणि माणूस सहा टक्के बारीक होतो. चौकोनी फोटो असेल तर चक्क पाव भाग बारीक. मग धड लांबुळकं दिसतं आणि कंबर फ्रेमच्या आत आल्यासारखी वाटते, तिथे पण पँट यायची शक्यता वाढते.

बंड्या७
आता कळलं मला काय विचारत होता ते. माझ्या बायोडाटाच्या फोटोला पण सूट घातला होता मी, खाली पँटचा तुकडा आला होता, मला वाटलं असाच असतो.

वेंगुर्ला_एक्सप्रेस
रसभंग करायचा नाही पण डार्करूम यांचा धंदा आहे म्हणून लिहितो. IDM-VTON, OOTDiffusion आणि CatVTON तिन्हींचं लायसन्स CC BY-NC-SA 4.0 आहे. NC म्हणजे व्यापारी वापर नाही. आजोबांचा फोटो घरी केला ते ठीक, गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन चालणार नाही. FLUX.1 Kontext चं dev पण तसंच, त्याला वेगळा परवाना घ्यावा लागतो. Qwen-Image-Edit अपाची २.० वर आहे, ते चालतं.

डार्करूम_८८
हे मला अजिबात माहीत नव्हतं. अजून गिऱ्हाइकाचं एकही काम दिलेलं नाही, बरं झालं आत्ताच कळलं. पण मग Qwen मध्ये हे सगळं कसं? तिथे तर मास्कच नाही, वाक्य लिहायचं.

पिक्सेलपंत
तिथे पँट वेगळ्या वाटेने येते. तिथे मॉडेल पूर्ण फोटो नव्याने काढतं, त्यामुळे त्याला कॅमेरा मागे नेण्याची मुभा असते. "आजोबांना या कुर्त्यात दाखव" म्हटलं की त्याला कुर्ता पूर्ण दाखवावासा वाटतो, मग डोकं लहान करतो, खाली जागा करतो आणि पाय काढतो. ओळखायची खूण म्हणजे डोळ्यांमधलं अंतर. मूळ फोटो आणि रिझल्ट एकावर एक ठेवा, अंतर कमी झालं असेल तर फ्रेम सरकली, बाकी कितीही छान असलं तरी टाकून द्या.

आउटपुटचा आकार आधी बांधून टाका. दुसऱ्याचा वर्कफ्लो उचलला आणि त्यात उभा लांब रिकामा लेटंट असेल तर हाफ फोटो त्यात बसवायला त्याला खालचं अंग काढावंच लागतं. तुमच्या ४:५ ला ८९६ बाय ११२० बरोबर बसतं, दोन्ही ३२ ने भाग जाणारे, फोटो पण त्याच मापाला आणून मग द्या. आकार सांगितला नाही तर डिफ्यूझर्समध्ये तो स्वतः ९२८ बाय ११५२ घेतो, ते जवळपास ४:५ असलं तरी तंतोतंत नाही, मग वर ठेवलेला चेहरा केसभर हलतो.

वाक्यात काय नको ते लिहू नका, फ्रेम कुठे संपते ते लिहा. मी असं लिहितो:

```
Replace only his shirt with the white kurta from image 2.
Keep the same framing, head size and camera distance.
The kurta continues past the bottom edge of the photo.
```

तिसरी ओळ महत्त्वाची. कापड तळाच्या कडेपलीकडे जातं असं सांगितलं की घेर काढायचं कारण उरत नाही. कापलेला कुर्ता तळाला चिकटवून देणं इथे पण तसंच.

काजबटण
फोटोत कुर्त्याचा खालचा भाग येत नाही तर बाजूची चीर पण दिसायला नको. चीर साधारण कमरेच्या खाली सात-आठ इंचांवर सुरू होते. वरती चीर दिसली तर समजायचं कुर्ता आखडलाय, कड दिसो न दिसो.

पिक्सेलपंत
ताई, ही खूण माझ्या डोक्यात आलीच नव्हती. लिहून ठेवली.

सायली_टोरांटो
काकूला बसवून आजीच्याच साडीत फोटो काढायला सांगितलाय, ती साताऱ्याला आहे, रविवारी पाठवेल. मापाचं विचारायचं होतं, आजी बसलेली आहे आणि थोडी वाकलेली, तर खांद्यापासूनचं अंतर कसं धरायचं? वाकल्यामुळे कमी दिसत असणार ना?

काजबटण
बसल्यावर पोटाशी कापड गोळा होतं, त्यामुळे फोटोत चौदा इंच दिसत असेल तर कापड सोळा-सतरा लागतं. पण किती वाकली आहे त्यावर आहे. फोटो बघितल्याशिवाय नाही सांगता यायचं.

डार्करूम_८८
Qwen वर पहिला प्रयत्न झाला. पँट नाही, डोळ्यांचं अंतर जुळतंय, चीर पण नाही. पण कुर्ता जरा जास्तच पांढरा आणि नवा कोरा दिसतोय, १९७० च्या आसपासचा फोटो आहे, बाकी सगळं पिवळसर आणि कुर्ता दुकानातून आत्ता आणल्यासारखा. मास्कने कुर्ता वेगळा काढून त्याला फोटोसारखा दाणा आणि पिवळेपणा देऊन बघतो. सायली, तुमच्या आजींचा फोटो आला की इथेच टाका, निखळची कॅनव्हास वाढवायची पद्धत मी त्यावर करून बघतो, बसलेल्या माणसाचा माझ्याकडे दुसरा फोटो नाही.